सातबाऱ्यावर 12.60, दस्तात 1274.74: दापोलीकडच्या एका कलमबागेचं प्रकरण

मी तालुक्याच्या गावी दस्त लिहायचं काम करते, खरेदीखत, बक्षीसपत्र, हक्कसोड वगैरे. गुंठ्याचे चौरस मीटर करताना जी चूक मी सगळ्यात जास्त वेळा बघते ती या एका प्रकरणात अगदी उघडी पडली म्हणून ते पूर्ण लिहून काढतेय. दस्त मी लिहिला नव्हता, दुसरीकडून टाईप करून आणलेला होता आणि नोंदणीही झालेली होती, माझ्याकडे आला तो अडकल्यावर.

जमीन दापोली तालुक्यात, दाभोळच्या खाडीकडे उतरत जाणारी. वरच्या अंगाला थोडा कातळ, मधे हापूसची कलमं, खाली वहाळाच्या बाजूला दोन-चार काजू आणि एक रातांब्याचं झाड. चारी बाजूंना गडगा आहे, दोन ठिकाणी ढासळलेला. विकणारे दोघं, गावातच राहणारे काका आणि त्यांचा मुंबईचा पुतण्या, दोघांची नावं सातबाऱ्यावर सामाईक. घेणारे त्याच वाडीतले निवृत्त मास्तर, स्वतः शेतकरी खातेदार. पूर्ण हिस्सा नंबर विकायचा होता, त्यामुळे तुकडेबंदीचा प्रश्न नव्हता. सगळं सरळ होतं खरं तर. आंबा उतरल्यावर मे महिन्यात खरेदीखत झालं.

जून संपता संपता मास्तर माझ्याकडे आले, हातात प्लास्टिकच्या पिशवीत सगळे कागद. म्हणाले, ताई, फेरफार होत नाही, क्षेत्र जास्त आहे म्हणतात, तुम्ही बघा जरा.

आता फेरफार का अडकला ते आधी सांगते. खरेदीखत नोंदलं की त्याची सूची दोनची माहिती महसूलकडे जाते, तलाठी त्यावरून नमुना सहामध्ये फेरफार धरतो, सगळ्या हितसंबंधितांना नमुना नऊची नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस असतात आणि मग मंडळ अधिकारी सगळं तपासून नोंद मंजूर करतो. मंडळ अधिकारी बघतो काय, तर विकणाऱ्याच्या नावावर जेवढं आहे तेवढंच विकलंय ना. सातबाऱ्यावर 1260 चौरस मीटर आणि दस्तात 1274.74 चौरस मीटर. आता नसलेलं पावणेपंधरा मीटर तो कुठून देणार, ते मंजूर होऊच शकत नाही.

मी दस्ताचं मिळकतीचं वर्णन उघडलं, त्यात लिहिलं होतं, क्षेत्र 0.12.60 हे.आर. म्हणजेच 12.60 गुंठे म्हणजेच 1274.74 चौ.मी. एका ओळीत तीन आकडे आणि तिन्हींमधे "म्हणजेच". मला तिथेच कळलं काय झालंय. टाईप करणाऱ्याने सातबाऱ्यावरचा 12.60 उचलला, त्याला गुंठे समजला, गूगल करून एक गुंठा म्हणजे 101.17 चौरस मीटर हे काढलं, कॅल्क्युलेटरवर गुणलं, 1274.742 आलं, ते लिहून टाकलं. गुणाकार बरोबर आहे. पण ज्याला गुणलं ते गुंठे नव्हतेच, ते आर होते.

ही गोष्ट नीट समजून घ्या कारण सगळा घोळ इथेच होतो. सातबाऱ्यावर क्षेत्र लिहायची पद्धत हेक्टर, आर, चौरस मीटर अशी आहे. 0.12.60 मधलं पहिलं शून्य हेक्टर, मधले 12 हे आर आणि शेवटचे 60 हे चौरस मीटर. एक आर म्हणजे बरोब्बर 100 चौरस मीटर, 10 मीटर बाय 10 मीटर. एक हेक्टर म्हणजे 100 आर म्हणजे 10,000 चौरस मीटर. म्हणजे 12 आरचे 1200 आणि वर 60, झाले 1260 चौरस मीटर. सातबारा आधीच मेट्रिकमध्ये आहे, त्याला कशानेही गुणायचं नाही, फक्त मधले ठिपके काढून आकडा सलग वाचायचा, 01260. गणित संपलं.

गुंठा वेगळा. तो 33 फूट बाय 33 फूट, 1089 चौरस फूट, 40 गुंठ्यांचा एकर. 33 फूट म्हणजे 10.0584 मीटर, त्याचा वर्ग केला की 101.17 चौरस मीटर येतात. म्हणजे गुंठा आरपेक्षा थोडासा मोठा, शंभरामागे जेमतेम सव्वा एक. फरक एवढा बारीक असल्यामुळेच मेट्रिक आल्यावर गावात लोकांनी आरलाच गुंठा म्हणायला सुरुवात केली आणि आता तीच बोली झाली. सातबाऱ्यावर 0.05.00 असेल तर कोणीही पाच गुंठेच म्हणणार. बोलायला काही हरकत नाही, मीही म्हणते. पण हा बोलीतला गुंठा घेऊन त्याला खऱ्या गुंठ्याच्या 101.17 ने गुणलं की जमीन कागदावर वाढते. या प्रकरणात वाढली 14.74 चौरस मीटर, साधारण बारा बाय तेरा फुटाच्या खोलीएवढी. आणि मोठं क्षेत्र असेल तर बघा, एक हेक्टरला 100 गुंठे समजून गुणलं तर 117 चौरस मीटर जास्तीचे येतात. खरं तर हेक्टरमध्ये गुंठे बसतात 98.84.

बरं मग हा 101.17 कधी वापरायचा, तर जेव्हा कागद खरोखर एकर-गुंठ्याचा असेल तेव्हा. मास्तरांच्या पिशवीत तसा एक होता. काकांच्या वडिलांनी ही जमीन घेतली तेव्हाचं जुनं खरेदीखत, हाताने लिहिलेलं, कडा जीर्ण झालेल्या, त्यात क्षेत्र 0-12-8. काकांचं तोंडी क्षेत्र कायम "साडेबारा गुंठे" असायचं ते यावरून. हे जुनं 0-12-8 म्हणजे 0 एकर, 12 गुंठे, 8 आणे. मोजणीची साखळी 33 फुटांची असायची आणि तिचे 16 आणे, म्हणून गुंठ्याचेही 16 आणे. 8 आणे म्हणजे अर्धा गुंठा, म्हणजे साडेबारा गुंठे खरे, 33 बाय 33 वाले. इथे मात्र गुणायचं, 12.5 गुणिले 101.17, येतात 1264.6 चौरस मीटर.

आणि सातबारा सांगतो 1260. म्हणजे चार-साडेचार मीटर कमी. काकांनी लगेच विचारलं, बाय, मग ते चार मीटर गेले कुठे. गेले कुठे नाहीत, जुन्या एकर-गुंठ्याचं हेक्टर-आर करताना आकडे जवळच्या सोयीच्या आकड्याला आणले गेले, असा किरकोळ फरक जुन्या जमिनींत पुष्कळदा दिसतो. फरक बारीक असला की मी तो राउंडिंगचा समजते आणि दस्तात आजच्या सातबाऱ्याचाच आकडा धरते. पण समजा जुन्या कागदावरून 1264 येतात आणि सातबाऱ्यावर 0.10.60 आहे, असा आकडाच मधे बदललेला असेल, तर मात्र थांबायचं, भूमी अभिलेखकडून आकारबंदाची, म्हणजे मोजणी खात्याकडच्या मूळ क्षेत्राच्या नोंदीची, नक्कल काढून ताडायचं आणि सातबाऱ्यात लिहिण्याची चूक निघाली तर जमीन महसूल संहितेच्या कलम 155 खाली अर्ज करून आधी सातबारा दुरुस्त करून घ्यायचा, दस्त मग.

त्या 0-12-8 बद्दल अजून थोडं सांगते कारण हा आकडा मुंबईच्या मुलांना फार फसवतो. पुतण्याला मी त्या पानाचा फोटो व्हॉट्सअपवर पाठवला तर त्याचा फोन, की यात 12.8 आहे, सातबाऱ्यावर 12.6 आहे, म्हणजे आपली जमीन कमी केली कोणीतरी. त्याने आणे हे दशांश म्हणून वाचले. त्याची चूक म्हणणार नाही मी, आणे बघितलेत कोणी त्याच्या वयात. पण 12 गुंठे 8 आणे हे 12.5 असतात, 12.8 नाही. 4 आणे असते तर 12.25, 12 आणे असते तर 12.75. तुमच्याकडे जुना कागद असेल आणि त्यात तिसरा आकडा 15 च्या वर कुठेच जात नसेल तर बहुतेक ते आणे आहेत हे समजा, आणि वरच्या रकान्यात एकर लिहिलंय की हेक्टर ते भिंगाने का होईना पण बघा.

आणि दुसरे आणे वेगळेच. कोकणात सामाईक जमिनीत प्रत्येकाचा हिस्सा आण्यात सांगायची पद्धत आहे, अमक्याचे चार आणे, तमक्याचे आठ आणे. तिथे सोळा आणे म्हणजे अख्खी जमीन. काका आणि पुतण्या दोघांचे आठ-आठ आणे. आता कागदावर "12 गुंठे 8 आणे" आणि तोंडी "माझे 8 आणे" हे दोन्ही एकाच बैठकीत आले की गोंधळ होणारच, एकात 8 आणे म्हणजे अर्धा गुंठा आणि दुसऱ्यात 8 आणे म्हणजे अर्धी बाग. मी तरी दस्तात हिस्सा नेहमी अपूर्णांकात लिहिते, एकद्वितीयांश, आणि पुढे त्याचे चौरस मीटर, इथे 630 आणि 630.

आता मास्तरांचं म्हणणं. मी त्यांना सांगितलं की चूकदुरुस्ती दस्त करावा लागेल, क्षेत्र 1274.74 चं 1260 करावं लागेल, तर ते एकदम नाराज झाले. म्हणाले, ताई, मी एप्रिलमध्ये स्वतः टेप लावून मोजलंय, 180 फूट लांब आणि 80 फूट रुंद भरलंय, 14,400 चौरस फूट, भागिले 1089, सव्वातेरा गुंठे येतात. जागेवर सव्वातेरा आणि कागदावर तुम्ही आणखी कमी करताय. माणूस गणिताचा शिक्षक, भागाकार चुकलेला नव्हताच, 13.22 येतात. आणि याच मोजणीमुळे मे महिन्यात 1274 बघून त्यांना शंका आली नव्हती, उलट वाटलं होतं की जमीन थोडी जास्तच मिळतेय.

मला जागा माहीत होती म्हणून माझ्या डोक्यात आलं की टेप उतारावरून ओढली असणार. श्रावणातल्या एका रविवारी पावसाने उघडीप दिली तेव्हा आम्ही गेलो, मी, मास्तर, काका आणि चिऱ्याचं बांधकाम करणारा वाडीतलाच एक गवंडी. गवत गुडघ्याएवढं, कातळावर शेवाळ, चालायचं म्हणजे धरून धरून. मास्तरांनी दाखवलं कसं मोजलं होतं, वरच्या गडग्याला टेपचं टोक धरलं आणि उतारावरून जमिनीला लावत लावत खाली वहाळाकडच्या गडग्यापर्यंत. 180 फूट, बरोबर होतं.

पण जमिनीचं क्षेत्र उतारावरून मोजत नाहीत, आडव्या पातळीत मोजतात, वरून बघितल्यावर नकाशावर जेवढं दिसेल तेवढं. सर्व्हेचे सगळे नकाशे तसेच आहेत. मग आम्ही पायरी पायरीने मोजलं. गवंडी वरच्या बाजूला टेप जमिनीला टेकवून धरायचा, खाली मास्तर टेप आडवी, छातीपर्यंत उचलून, काका तिथून ओळंबा सोडायचे आणि ओळंबा जिथे टेकला तिथे मी खुंटी मारायचे, मग त्या खुंटीपासून पुढचं माप. उतार जास्त असला की एका वेळी आठ-दहा फुटांपेक्षा जास्त घेता येत नाही, टेप मधे झोळ खाते आणि खालच्या माणसाचा हात पुरत नाही. तासभर लागला. शेवटी लांबी भरली 170 फूट. रुंदी उताराला आडवी होती त्यामुळे ती 80 फूटच राहिली. 170 गुणिले 80, 13,600 चौरस फूट, भागिले 1089, म्हणजे 12.49 गुंठे. चौरस मीटर करायचे तर 10.764 ने भागा, 1263 आणि वर थोडे येतात.

मास्तर खुंटीजवळ उभे राहून दोनदा भागाकार करून बघत होते. मग काही बोलले नाहीत, टेप गुंडाळली. काका मात्र खूश, वडिलांचं साडेबारा खरं निघालं म्हणून.

इथे एक सांगते, आमची ही मोजणी म्हणजे आपल्या समाधानापुरती. गडगा कुठेतरी वाकडा आहे, ढासळलेला आहे, कोपरे काटकोनात नाहीत, टेपने दोन-चार मीटर इकडे तिकडे होणारच. तिचा आकडा दस्तात लिहायचा नाही. हद्दीचा वाद असेल तर भूमी अभिलेखची हद्द कायम मोजणी करून क प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा घ्यायचा, त्यात जे येईल ते खरं. पण सातबाऱ्याचा आकडा आणि जागा यांचा साधारण मेळ बसतोय की नाही एवढं कळायला ओळंब्याची मोजणी पुरते, आणि कोकणात, जिथे सपाट जमीन म्हणजे मळे आणि कातळाचे सडे एवढीच, तिथे ती ओळंब्यानेच करायला पाहिजे. तीन फूट लांबीला एक फूट उतार असेल तर उतारावरचं माप साधारण पाच-सहा टक्क्यांनी जास्त येतं. गुंठा आणि आर यांच्या फरकापेक्षा हे किती तरी मोठं आहे.

मग विषय आला पैशाचा. दर ठरला होता गुंठ्याला दीड लाख. दस्तात मोबदला 18 लाख 90 हजार, म्हणजे 12.60 गुणिले दीड लाख. मास्तरांचा मुद्दा असा की तुम्हीच म्हणता हे 12.60 गुंठे नाहीत, आर आहेत, खरे गुंठे 1260 भागिले 101.17 म्हणजे 12.454, मग पैसे व्हायला पाहिजेत 18 लाख 68 हजार आणि वर थोडे, मी जवळपास 21,850 रुपये जास्त दिले. हिशोब बरोबर आहे. काकांचा मुद्दा असा की गावात गुंठा म्हणजे सातबाऱ्यावरचा गुंठा, आजवर सगळे व्यवहार असेच झाले, आणि मी मास्तरांना सातबारा दाखवूनच बोललो होतो. हेही खोटं नाही.

मला विचारलं दोघांनी. माझं मत मी स्पष्ट दिलं की शब्दावर जाऊ नका, ठरलं काय होतं ते बघा. इसार पावती काढायला लावली. तिच्यात मास्तरांच्याच अक्षरात होतं, सातबाऱ्याप्रमाणे क्षेत्र 12.60, दर प्रत्येकी दीड लाख, एकूण 18 लाख 90 हजार. गुंठा हा शब्दच नव्हता. म्हणजे दर आरवर लागला होता आणि एकूण रक्कम आधीच ठरली होती. मास्तरांनी वाचलं, म्हणाले ठीक आहे, रक्कम तीच राहू द्या. मला त्या दिवशी त्यांच्याबद्दल फार आदर वाटला, कारण एकवीस हजार निवृत्त माणसाला थोडे नसतात आणि पावती नीट वाचून त्यांनी स्वतःविरुद्धचा मुद्दा मान्य केला. पण पावती नसती तर हे भांडण कोर्टापर्यंत गेलं असतं असं मला खरंच वाटतं. म्हणून मी आता पक्षकारांना एवढंच सांगते की दर बोलताना गुंठ्याने बोला हवं तर, पण कागदावर एकतर आर लिहा नाहीतर चौरस मीटर लिहा, किंवा संपूर्ण क्षेत्राची ठोक रक्कम लिहा. गुंठ्याचा दर लिहायचाच असेल तर पुढे लिहा की गुंठा म्हणजे इतके चौरस मीटर.

चूकदुरुस्तीला मूळ दस्तातल्या सगळ्यांच्या सह्या लागतात, म्हणजे पुतण्याही पाहिजे. त्याला सुट्टी नव्हती. शेवटी गणपतीला तो आला, खेडला उतरून, आणि गौरी-गणपतींचं विसर्जन झाल्यावर ऑफिस उघडलं त्या दिवशी आम्ही सगळे नोंदणीला गेलो. म्हणजे मे महिन्यात एका मिनिटात झालेली चूक दुरुस्त व्हायला भाद्रपद उजाडला, आणि तोवर मास्तरांचं नाव सातबाऱ्यावर नव्हतं, त्यांना कलमांना खत घालायलाही धीर होईना. इथे क्षेत्र कमी होत होतं म्हणून वाढीव मुद्रांक शुल्काचा प्रश्न आला नाही. उलट चूक असती, म्हणजे दस्तात कमी लिहिलेलं आणि दुरुस्तीत वाढवायचं असतं, तर वाढलेल्या क्षेत्राच्या मूल्यांकनाचा विषय निघाला असता.

दुरुस्ती दस्तात मी वर्णन असं लिहिलं:

"…हिस्सा नंबरचे एकूण क्षेत्र 0 हेक्टर 12 आर 60 चौ.मी., म्हणजे 1260.00 चौ.मी., अक्षरी एक हजार दोनशे साठ चौरस मीटर, त्यापैकी लागवडीयोग्य 0.10.80 व पोटखराबा 0.01.80, हे संपूर्ण क्षेत्र. मूळ दस्तात नजरचुकीने 12.60 गुंठे व 1274.74 चौ.मी. असे नमूद झाले होते, त्याऐवजी वरीलप्रमाणे वाचावे. मोबदल्याच्या रकमेत बदल नाही."

यात पोटखराबा वेगळा का लिहिला ते सांगते. वरचा कातळ तो पोटखराबा, त्यावर काही पिकत नाही, पण तो जमिनीचाच भाग आहे. सातबाऱ्यावर आधी लागवडीयोग्य क्षेत्र येतं, मग पोटखराबा, मग एकूण. घाईत माणूस पहिला आकडा उचलतो, 0.10.80, आणि दस्त होतो 1080 चा. मग 180 चौरस मीटर कातळ विकणाऱ्याच्याच नावावर राहतो, आणि तो पुढच्या पिढीला कळतो. दुसरी चूक याच्या उलट, एकूणमध्ये पोटखराबा परत मिळवायचा, 1260 अधिक 180. दोन्ही प्रकार मी पाहिलेत. तिन्ही आकडे लिहिले की वाचणाऱ्याला बेरीज करून बघता येते.

आणि मी हेक्टर, आर, चौरस मीटर हे शब्द आकड्यांमधे लिहिते, नुसतं 0.12.60 ठेवत नाही. कारण टाईप करताना कोणी शेवटचं शून्य उडवतं आणि 0.12.6 होतं. आता हे 12 आर 60 आहे की 12 आर 6, म्हणजे 1260 की 1206, हे नुसतं बघून सांगता येत नाही. तेच जुन्या कागदावर 0-12-6 असेल तर 12 गुंठे 6 आणे, 1252 चौरस मीटर. तेच आकडे, तीन वेगळ्या जमिनी. म्हणून आर आणि चौरस मीटर दोन्ही कायम दोन अंकी, सहा असेल तर 06.

दुरुस्ती दस्त नोंदल्यावर फेरफार पुन्हा धरला, नोटीस लागली, पंधरा दिवसांत हरकत आली नाही, दिवाळीच्या आधी मंजूर झाला. मास्तर डिजिटल सातबारा घेऊन आले, नाव लागलेलं, एकूण क्षेत्र 0.12.60.

त्याच गडग्याला लागून पलीकडचा हिस्सा आता काकांचे चुलतभाऊ विकतायत, त्याचा ड्राफ्ट कालच माझ्याकडे आला. सातबाऱ्यावर 0.08.05 आहे, ड्राफ्टमध्ये 0.8.5, आणि पुढे 850 चौ.मी. पंचेचाळीस मीटर जास्त. मी 805 करून, अक्षरी आठशे पाच लिहून परत पाठवलाय.